कलम पाठ आहे, तरी उत्तर का चुकतं? फौजदारी कायद्यातले प्रॉब्लेम सोडवण्याची पद्धत

आधी एक प्रश्न वाचा. परीक्षेत असाच येतो, आणि हा पूर्ण लेख त्याच्याभोवतीच आहे.

«दत्तू आणि किसन यांची शेतं एकमेकांना लागून. किसनने बांध कोरला म्हणून वर्षभर दोघांत धुसफूस चालू होती. ऑगस्ट २०२४ मधल्या एका सकाळी दत्तू बांधावरची बाभळ तोडत असताना किसन गुरं घेऊन तिथे आला. बोलाचाली झाली, ती शिवीगाळीवर गेली. किसनने हातातली गुरं हाकायची बारीक काठी दत्तूच्या खांद्यावर मारली आणि पुन्हा उगारली. दत्तूने हातातली कुऱ्हाड उलटी फिरवून तिच्या तुंब्याने किसनच्या डोक्यात एक घाव घातला. किसन कोसळला तसा दत्तू कुऱ्हाड टाकून पळाला. घरच्यांनी किसनला दिवसभर घरीच ठेवून झाडपाल्याचं औषध केलं आणि रात्री जिल्हा रुग्णालयात नेलं. तिसऱ्या दिवशी तो वारला. शवविच्छेदन अहवालात कवटीचा अस्थिभंग आणि मेंदूतला रक्तस्राव नोंदवला आहे. ही जखम निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू येण्यास पुरेशी होती, मात्र वेळेवर शस्त्रक्रिया झाली असती तर जीव वाचू शकला असता, असं डॉक्टरांचं मत आहे. दत्तूची फौजदारी जबाबदारी ठरवा.»

हा प्रश्न मी शिकवणीत दिला की निम्म्याहून जास्त मुलं पहिल्याच ओळीत «हा खून आहे» किंवा «हा सदोष मनुष्यवध आहे» असं लिहून मोकळी होतात आणि पुढची दोन पानं कलमाचा मजकूर उतरवून काढतात. कलम त्यांना शब्दन् शब्द येत असतं. अडतं ते पुढे, कारण कलम अखंड परिच्छेद म्हणून डोक्यात बसलेलं असतं आणि प्रश्नातल्या काठीला, तुंब्याला, झाडपाल्याच्या औषधाला त्या परिच्छेदात जागा सापडत नाही. म्हणून पहिलं काम कलमाचे तुकडे करण्याचं.

कलमाचं कार्ड

पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि एका कागदावर एकच गुन्हा लिहा. सोप्या गुन्ह्यापासून सुरुवात करू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मधली चोरी. व्याख्या एका दमात वाचली तर लांबलचक वाटते, पण सरकारी पक्षाला त्यात सिद्ध करायच्या गोष्टी पाचच आहेत: वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या कब्जात हवी, त्याची संमती नको, घेणाऱ्याचा उद्देश अप्रामाणिक हवा आणि ती वस्तू घेण्यासाठी हलवलेली हवी. एवढंच कार्डावर जातं. प्रत्येक घटकासमोर थोडी जागा मोकळी सोडा, कारण तिथे प्रश्नातली वस्तुस्थिती येऊन बसायची आहे.

या पाचांतल्या दोन गोष्टी मुलांच्या नजरेतून सुटतात, म्हणून कार्डावर त्या लाल पेनने लिहा. एक, कायदा मालकी विचारत नाही, कब्जा विचारतो. दुरुस्तीला दिलेलं स्वतःचं घड्याळ दुकानदाराचे पैसे बुडवण्यासाठी गुपचूप उचलून आणलं तर ती स्वतःच्याच वस्तूची चोरी होऊ शकते. दोन, वस्तू घेऊन पळून जाता आलं की नाही याला महत्त्व नाही. अप्रामाणिक उद्देशाने ती जागची हलली की चोरी पूर्ण झाली. आता एसटीत कुणी चुकून दुसऱ्याची छत्री उचलली, असा प्रश्न आला तर कार्डावर बोट फिरवा. चार घटक जुळतात, चौथ्या ओळीतला अप्रामाणिक उद्देश नाही, म्हणून गुन्हा नाही. कुठला घटक पडला हे बोट ठेवून सांगता आलं की अर्धं उत्तर झालं.

कार्ड करताना मूळ कलमच समोर ठेवा. गाइडमधल्या सारांशात «आणि», «किंवा» हे शब्द हमखास गळतात. सदोष मनुष्यवधात तीन मानसिक अवस्थांमध्ये «किंवा» आहे, तिथे चुकून «आणि» लिहिलं की सगळं उत्तर कोसळतं.

मनुष्यवधाचं कार्ड तीन मजल्यांचं

चोरीचं कार्ड एका पानात मावतं, मनुष्यवधाचं मावत नाही. याचं कारण दंड संहितेच्या रचनेत आहे आणि तीच रचना न्याय संहितेने कायम ठेवली आहे. सदोष मनुष्यवध हा मोठा वर्ग आणि खून ही त्यातली एक जात. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. सर्वोच्च न्यायालयाने रायवरपू पुन्नय्या खटल्यात (१९७६) हे अशाच वर्ग-जातीच्या भाषेत सांगितलं आणि प्रश्न सोडवण्याचे तीन टप्पे घालून दिले. कार्डाचे तीन मजले तिथूनच घ्यायचे.

पहिला मजला: आरोपीच्या कृतीनेच मृत्यू झाला का? इथे फक्त कार्यकारणभाव बघायचा. कलम १०० चं दुसरं स्पष्टीकरण इथे चिकटवून ठेवा. योग्य उपचाराने मृत्यू टळू शकला असता, एवढ्यावरून जखम करणारा सुटत नाही. मृत्यू त्यानेच घडवला असं मानलं जातं.

दुसरा मजला: कलम १०० मधल्या तीन मानसिक अवस्थांपैकी एखादी तरी आहे का? मृत्यू घडवण्याचा उद्देश, किंवा मृत्यू येण्याचा संभव आहे अशी शारीरिक जखम करण्याचा उद्देश, किंवा आपल्या कृतीने मृत्यू येण्याचा संभव आहे ही जाणीव. तिन्ही नसतील तर मनुष्यवधाचा विषय तिथेच संपतो आणि मग दुखापत, जबर दुखापत किंवा कलम १०६ मधला निष्काळजीपणा बघायचा.

तिसरा मजला: कलम १०१ च्या (अ) ते (ड) या चार खंडांपैकी एखादा लागतो का? (अ) म्हणजे ठार मारण्याचाच उद्देश. (ब) म्हणजे या विशिष्ट माणसाचा या जखमेने जीव जाईल हे माहीत असूनही ती करण्याचा उद्देश, उदाहरणार्थ समोरचा आजारी आहे हे ठाऊक असून मारलेला ठोसा. (ड) म्हणजे कुणा एकावर रोख नसलेली, पण जवळपास खात्रीने जीव घेणारी कृती, जसा गर्दीत झाडलेला गोळीबार.

परीक्षेत आणि कोर्टातही खरी झुंज असते ती (क) वर. हा खंड सांगतो की जी जखम करण्याचा उद्देश होता ती निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू आणण्यास पुरेशी असावी. विरसा सिंग खटल्यात (१९५८) पोटात भाल्याचा एकच घाव होता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तिथे चार पायऱ्या सांगितल्या. जखम झाली आहे का. ती कोणत्या स्वरूपाची आहे. तीच जखम करण्याचा उद्देश होता का, की ती अपघाताने किंवा दुसरीच काही करायला जाऊन झाली. आणि शेवटी, ती निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यूला पुरेशी आहे का. यातली शेवटची पायरी वस्तुनिष्ठ आहे. ती डॉक्टरांच्या पुराव्यावरून ठरते, आरोपीला ते कळत होतं का याचा तिथे संबंध नाही. उद्देश फक्त तिसऱ्या पायरीवर तपासायचा. मुलं नेमकी इथे घसरतात आणि लिहितात, «त्याला मारायचं नव्हतं, म्हणून खून नाही.» मारायचं नव्हतं हे (अ) ला उत्तर झालं, (क) ला नाही.

दुसरा गैरसमजही इथेच काढून टाका: एकच घाव असेल तर खून होत नाही आणि हातापायावर मारलं तरी खून होत नाही, हा. विरसा सिंगमध्ये घाव एकच होता आणि खून ठरला. पुन्नय्यामध्ये जाड काठ्यांनी हातापायांवरच मारलं होतं, एकोणीस जखमा होत्या, मर्मस्थानावर एकही घाव नव्हता. उच्च न्यायालयाने शिक्षा खाली आणली होती, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा खूनच ठरवला. उलट बाजूने मुंबई उच्च न्यायालयाचा १८७६ चा गोविंदा खटला ठेवा. तरुण नवऱ्याने अल्पवयीन बायकोला लाथा मारल्या, छातीवर गुडघा ठेवून तोंडावर बुक्क्या मारल्या, मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी तो खुनापर्यंत न जाणारा सदोष मनुष्यवध ठरवला, कारण बुक्क्यांची जखम मृत्यूचा संभव असलेली होती, निसर्गाच्या सामान्य क्रमात पुरेशी नव्हती. «संभव» आणि «पुरेशी» या दोन शब्दांमधलं अंतर म्हणजेच कलम १०० आणि १०१ (क) मधलं अंतर.

बचावाची रांग

बचाव लिहिताना बहुतेक वह्यांत स्वसंरक्षण, वेडसरपणा, नशा, प्रक्षोभ सगळं एका यादीत असतं. ही यादी मोडून तीन ढीग करा, कारण तिन्ही ढिगांचं काम वेगळं आहे.

पहिल्या ढिगात नकार. «मी तिथे नव्हतो», «धक्का लागून तो दगडावर पडला», «माझा तसा उद्देश नव्हता.» हा खरं तर स्वतंत्र बचाव नाही, हा एका घटकावरचा हल्ला आहे. सिद्ध करण्याचं ओझं सरकारी पक्षावरच राहतं आणि आरोपीला शंका निर्माण केली तरी पुरतं.

दुसऱ्या ढिगात न्याय संहितेच्या तिसऱ्या प्रकरणातले सर्वसाधारण अपवाद, कलम १४ ते ४४. वस्तुस्थितीची चूक, अपघात, सात वर्षांखालचं मूल, मनोविकलता, नकळत चढलेली नशा, संमती, धमकीखालची कृती, क्षुल्लक इजा, आणि कलम ३४ पासून शेवटपर्यंत खासगी बचावाचा हक्क. यातला कुठलाही पूर्ण लागला तर गुन्हाच होत नाही. इथे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८ लागतं: अपवादात बसणारी परिस्थिती होती हे दाखवण्याचं ओझं आरोपीवर असतं. पण ते सरकारी पक्षाइतकं जड नसतं, संभाव्यतेचं पारडं आपल्याकडे झुकलं की पुरे. ही एक ओळ उत्तरात लिहिली की परीक्षकाला समजतं की या मुलाने कलमांच्या पलीकडे वाचलं आहे.

तिसऱ्या ढिगात कलम १०१ चे पाच विशेष अपवाद. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ, खासगी बचावाच्या हक्काची मर्यादा सद्भावनेने ओलांडणं, लोकसेवकाने अधिकार ओलांडणं, अचानक झालेली मारामारी आणि मृताची संमती. हे आरोपीला सोडत नाहीत, फक्त खुनावरून खाली उतरवतात. म्हणून हे खुनाच्या कार्डालाच मागच्या बाजूला लिहा, सर्वसाधारण अपवादांच्या यादीत नको.

क्रमही यावरून ठरतो. आधी गुन्ह्याचे घटक, मग पूर्ण सोडवणारा बचाव, मग फक्त खाली उतरवणारा. खासगी बचाव पूर्ण लागत असेल आणि तुम्ही आधीच चौथा अपवाद लिहून शिक्षा सांगितली, तर निर्दोष माणसाला तुम्ही दहा वर्षं आत पाठवलंत.

दत्तूचा प्रश्न, पायरी पायरीने

आता कच्च्या पानावर काम. वीस मिनिटांचा प्रश्न असेल तर पहिली चार-पाच मिनिटं इथेच द्या, पेपर लिहायला घेऊ नका.

सगळ्यात आधी तारीख बघा. घटना ऑगस्ट २०२४ मधली आहे. न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, म्हणून कलमं संहितेची. तीच घटना मे २०२४ ची असती तर दंड संहितेची कलमं २९९, ३०० आणि ३०४ लिहावी लागली असती. पेपर काढणारे हल्ली तारीख मुद्दाम घालतात.

मग प्रश्नातला प्रत्येक तपशील पेन्सिलने खुणावून समोर घटकाचं नाव लिहा. वर्षभर धुसफूस: सरकारी पक्ष म्हणेल पूर्वयोजना. बाभळ तोडत होता: कुऱ्हाड हातात आधीपासूनच होती, मारायला आणली नव्हती. बारीक काठी, खांद्यावर: खासगी बचाव किती दूर जाऊ शकतो. पुन्हा उगारली: हल्ला अजून चालू होता. कुऱ्हाड उलटी फिरवली: उद्देश. डोक्यात, एकच घाव: उद्देश आणि क्रूरता. झाडपाला: कार्यकारणभाव. डॉक्टरांचं मत: खंड (क). शेवटी असं दिसायला हवं की एकही तपशील अनाथ राहिलेला नाही. जो राहिला असेल, त्यासाठीच प्रश्नकर्त्याने गुण ठेवलेले असतात.

पहिला मजला. किसन तिसऱ्या दिवशी मेला आणि मध्ये घरचा उपचार आला. बचाव पक्ष म्हणेल, मृत्यू घरच्यांच्या हलगर्जीने झाला. कलम १०० च्या दुसऱ्या स्पष्टीकरणाने हा मुद्दा संपतो. मृत्यूचं कारण कवटीची जखमच आहे. इथे तीन ओळींपेक्षा जास्त लिहू नका, कारण वाद खरा नाही.

दुसरा मजला. डोक्यात कुऱ्हाडीचा तुंबा घालणाऱ्याचा निदान मृत्यूचा संभव असलेली जखम करण्याचा उद्देश होता, हे कुणीही मानेल. सदोष मनुष्यवध आहे.

तिसऱ्या मजल्यावर थांबा आणि सावकाश लिहा. खंड (अ): ठार मारायचंच असतं तर पातं हातात असताना दत्तूने कुऱ्हाड उलटी का फिरवली असती? त्याने दुसरा घाव घातला नाही, किसन पडताच कुऱ्हाड टाकून पळाला. म्हणून (अ) टिकत नाही. (ब) साठी किसनच्या एखाद्या दुखण्याची माहिती असायला हवी, ती प्रश्नात नाही. (ड) चा प्रश्नच नाही, कृती एका माणसावर रोखलेली आहे. राहिला (क). जखम आहे, तिचं स्वरूप अहवालात आहे. तीच जखम करण्याचा उद्देश होता का? घाव डोक्यावरच घातला गेला, खांद्यावरून घसरून डोक्यावर लागला असं प्रश्नात कुठेही नाही, म्हणून होय. निसर्गाच्या सामान्य क्रमात पुरेशी का? डॉक्टर होय म्हणतात. शस्त्रक्रियेने वाचला असता हे मत इथे आड येत नाही, कारण «सामान्य क्रम» म्हणजे उपचार न होता काय होईल ते. तर खंड (क) लागतो. प्रथमदर्शनी खून.

आता बचाव. पहिल्या ढिगातला नकार वर येऊन गेलाच. दुसऱ्या ढिगातला खासगी बचाव: हल्ला किसनने सुरू केला, दुसऱ्यांदा काठी उगारली होती, म्हणजे कलम ४० नुसार धोका वाटण्याचा काळ अजून चालू होता. दत्तूला हक्क होता. पण हक्क होता हे एक आणि तो जीव घेण्यापर्यंत जात होता हे दुसरं. कलम ३८ नुसार मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटायला हवी. बारीक काठीच्या खांद्यावरच्या फटक्याने ती वाटत नाही. मग कलम ३९: मृत्यू सोडून इतर इजा करण्याचा हक्क. त्यातही कलम ३७ म्हणतं, बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. दत्तूने काठी धरली असती, कुऱ्हाडीच्या दांड्याने हातावर मारलं असतं तर हक्क टिकला असता. डोक्यात तुंबा घातल्यावर तो टिकत नाही.

मग तिसरा ढीग. दुसरा अपवाद, म्हणजे सद्भावनेने मर्यादा ओलांडणं, हा पहिल्यांदा डोळ्यासमोर येतो. पण त्यात एक अट आहे: बचावाला गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा उद्देश नको. बारीक काठीसमोर डोक्यात कुऱ्हाड, इथे ही अट पाळली गेली असं म्हणणं अवघड आहे. माझं मत असं की दुसऱ्या अपवादावर दोन ओळी लिहून पुढे जावं, उत्तर तिथे अडकवू नये.

चौथा अपवाद इथे खरा बसतो. त्याचं छोटं कार्ड असं: पूर्वयोजना नाही, अचानक भांडणातून अचानक मारामारी, रागाच्या भरात कृती, आणि आरोपीने गैरवाजवी फायदा घेतलेला नसावा किंवा क्रूर वागलेला नसावा. सुरिंदर कुमार खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने या चार अटी अशाच मोजल्या आहेत. पहिली: वर्षभराची धुसफूस ही पूर्वयोजना नव्हे. कुऱ्हाड बाभळीसाठी होती आणि किसन स्वतः तिथे आला. दुसरी आणि तिसरी: बोलाचालीपासून घावापर्यंत सगळं सलग घडलं, मध्ये थंड व्हायला वेळ नव्हता. मारामारी म्हणजे दोन्हीकडून हात उठायला हवेत. किसनची काठी असल्याने तेही जमतं. कुणी आधी मारलं याला स्पष्टीकरणानुसार महत्त्व नाही.

चौथी अट ही या प्रश्नाची खरी गाठ आहे. सरकारी पक्ष म्हणेल, काठीसमोर कुऱ्हाड हाच गैरवाजवी फायदा. बचाव पक्ष म्हणेल, पातं असताना बोथट बाजू वापरली, एकच घाव घातला, पडलेल्या माणसावर पुन्हा हात उगारला नाही. दोन्ही बाजू लिहा आणि मग एक निवडा. मी बचावाची बाजू निवडेन, कारण कुऱ्हाड उलटी फिरवणं हे स्वतःला आवरण्याचं चिन्ह आहे. तुम्ही सरकारी बाजू निवडली आणि कारण दिलंत तरी गुण जायला नकोत. गुण जातात ते एकच बाजू लिहिल्याने.

शेवटी शिक्षा. चौथा अपवाद लागला म्हणजे कलम १०५ चा दुसरा भाग, असं बरीच मुलं सवयीने लिहितात. चूक आहे. कलम १०५ चे दोन भाग उद्देश आणि जाणीव यावरून पडतात. जखमेचा उद्देश असेल तर पहिला भाग, नुसती जाणीव असेल तर दुसरा. आपण खंड (क) लावला आहे, म्हणजे जखमेचा उद्देश मान्य केला आहे. पुन्नय्या निकालातही अपवादात बसलेला खून पहिल्या भागात जातो असंच सांगितलं आहे. म्हणून पहिला भाग: जन्मठेप, किंवा पाच वर्षांपेक्षा कमी नाही आणि दहा वर्षांपर्यंत असा कारावास, आणि दंड. अपवाद लागला नसता तर कलम १०३ (१): मृत्युदंड किंवा जन्मठेप, आणि दंड.

कागदावर उतरवताना

कच्च्या पानावरचं सगळं स्वच्छ पानावर आणायचं नसतं. प्रत्येक घटकासाठी एक छोटा परिच्छेद ठेवा. त्यात कायदा एका वाक्यात, मग वस्तुस्थिती, मग निष्कर्ष. उदाहरणार्थ कार्यकारणभावाचा परिच्छेद असा येईल:

«मृत्यू टाळता येण्याजोगा होता म्हणून आरोपी सुटत नाही (कलम १००, स्पष्टीकरण २). किसनच्या घरच्यांनी दिवसभर झाडपाल्याचे उपचार केले आणि रुग्णालयात नेण्यास उशीर झाला, तरी मृत्यूचे कारण दत्तूने केलेला कवटीचा अस्थिभंगच आहे. त्यामुळे किसनचा मृत्यू दत्तूच्या कृतीने झाला.»

तीन वाक्यं, आणि त्यातल्या दोन वाक्यांत माणसांची नावं आहेत. उत्तर तपासायची माझी खूण हीच आहे. लिहून झाल्यावर दत्तू किंवा किसन हे नाव असलेली वाक्यं अधोरेखित करा. निम्म्याहून कमी निघाली तर तुम्ही कलम उतरवलं आहे, प्रश्न सोडवलेला नाही.

प्रश्नात नसलेली वस्तुस्थिती रचू नका. दत्तू दारू प्यायला होता, किसनला आधीचा हृदयविकार होता, असं काही लिहू नका. एखादी गोष्ट खरोखर निर्णायक असून प्रश्नात दिलेली नसेल, तरच «जर असे असते तर» म्हणून एक फाटा काढा, आणि एकच.

एक तपशील बदलला तर

सरावासाठी नवे प्रश्न शोधत बसण्यापेक्षा याच प्रश्नातला एकेक तपशील बदला आणि बघा कार्डावरचा कोणता घटक हलतो.

किसनच्या हातात बारीक काठीऐवजी लोखंडी पहार असती आणि ती डोक्यावर उगारलेली असती, तर कलम ३८ उघडतं. मग तोच तुंब्याचा घाव पूर्ण बचावात जाऊ शकतो आणि दत्तू निर्दोष सुटतो. चौथा अपवाद लिहायची वेळच येत नाही.

दत्तूने घाव पायावर घातला असता आणि नंतर जखम चिघळून किसन मेला असता, तर विरसा सिंगची शेवटची पायरी डळमळते. पायावरच्या एका घावाने निसर्गाच्या सामान्य क्रमात माणूस मरतो का, हे अहवालावर ठरेल. तो नाही म्हणत असेल तर खुनाचा मजला चढताच येत नाही. मग मृत्यूचा संभव असलेली जखम, निदान मृत्यूच्या संभवाची जाणीव, हे तरी होतं का ते बघायचं. नसेल तर जबर दुखापतीवर यायचं.

आणि सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा बदल: शिवीगाळ झाल्यावर दत्तू घरी गेला, अर्ध्या तासाने कुऱ्हाड घेऊन परत आला आणि घाव घातला. तपशील एकच बदलला, पण चौथ्या अपवादाच्या पहिल्या तिन्ही अटी एकदम पडतात. पहिल्या अपवादाकडे वळावं तर तिथे नानावटी खटला उभा आहे. २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांना पत्नीने आपल्या संबंधांची कबुली दिली. त्यांनी पत्नी आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन पिस्तूल घेतलं आणि मग प्रेम आहुजा यांच्या घरी जाऊन गोळ्या झाडल्या. कबुलीपासून गोळीपर्यंत साधारण तीन तास गेले होते, आणि मधल्या काळातलं वागणं विचार करून केलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये प्रक्षोभाचा बचाव नाकारून खून कायम केला. प्रक्षोभ गंभीर असला तरी तो आकस्मिक राहिला नव्हता. दत्तूचा अर्धा तास तीन तासांपेक्षा कमी आहे हे बचाव पक्ष सांगेलच. पण न्यायालय घड्याळाइतकंच मधल्या काळात माणसाने काय केलं तेही बघतं. घरी जाणं, कुऱ्हाड शोधणं, परत चालत येणं या तीन गोष्टी तुमच्या परिच्छेदात दत्तूच्या नावासह आल्या, की निष्कर्ष कलम १०३ (१) वर जातो.